सोप्या शब्दांनी परिच्छेद सोपा होत नाही

दावा: “विज्ञानाच्या पुस्तकातला अवघड परिच्छेद बारा वर्षांच्या मुलांना समजावायचा असेल, तर कठीण शब्दांच्या जागी सोपे शब्द घाला, वाक्ये तोडून छोटी करा आणि एक उपमा द्या. एवढे पुरते.”

आधी शब्दांचे पाहू. बाष्पीभवनावरच्या परिच्छेदात साधारणपणे असे असते: ‘पृष्ठभागावरील अधिक गतिज ऊर्जेचे रेणू द्रव सोडून जातात, परिणामी उर्वरित रेणूंची सरासरी गतिज ऊर्जा घटून तापमान उतरते.’ यात ‘गतिज ऊर्जे’ऐवजी ‘पळण्याची ऊर्जा’ म्हटले, तरी मूल जिथे अडायचे तिथेच अडते, कारण त्याची खरी अडचण ‘सरासरी’पाशी असते. कोणाचीच ऊर्जा कमी झाली नाही, मग पाणी गार झाले कसे? शिक्षकाने थांबायचे ते इथे: “समजा, पाण्याचे पाच रेणू आहेत आणि त्यांच्याजवळ २, ३, ४, ५ आणि ६ अशी ऊर्जा आहे. सरासरी किती? चार. आता ६ ऊर्जेवाला उडून गेला. उरलेल्या चौघांची सरासरी काढा बरे. साडेतीन! कोणी दमले का? नाही. पण तापमान या सरासरीवर ठरते, म्हणून पाणी गार झाले.”

वाक्ये तोडण्याबद्दल थोडक्यात सांगता येईल. ‘रेणू उडतात. पाणी थंड होते.’ ही दोन वाक्ये छोटी आहेत खरी, पण त्यांना जोडणारे ‘म्हणून’ गळून पडल्यामुळे मुलांच्या हाती पाठ करायच्या दोन गोष्टी तेवढ्या उरतात.

उपमेचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. वरचे पाच रेणू हीसुद्धा एक प्रकारची उपमाच आहे आणि ती दोन ठिकाणी फसते. एक तर खरे रेणू सतत एकमेकांवर आदळतात, त्यातून पुन्हा काही वेगवान होतात आणि उडणे चालूच राहते. दुसरे म्हणजे, उडालेली वाफ पाण्याहून गरम असणार, असे एखादे चौकस मूल हमखास म्हणते. परंतु शेजाऱ्यांच्या ओढीतून सुटतानाच त्या रेणूची बरीच ऊर्जा खर्च झालेली असते. हा खर्च मोठा आहे: १०० ग्रॅम पाण्यातील केवळ १ ग्रॅम उडाले आणि बाहेरून उष्णता आली नाही, तर उरलेले पाणी जवळजवळ ६ अंश सेल्सिअसने उतरते.

मुलांना कितपत कळले, हे दोन तापमापकांनी तपासता येते. एकाच्या फुग्याभोवती खोलीतल्याच तापमानाच्या पाण्यात भिजवलेले फडके गुंडाळून दोघांवर पंख्याचा वारा सोडला, तर कोरड्याचा पारा हलत नाही आणि ओल्याचा उतरतो. त्यानंतर विचारावे की, ओला तापमापक बाष्पाने पुरत्या भरलेल्या बंद डब्यात ठेवला तर काय होईल. ज्याने केवळ पाच रेणू पाठ केले आहेत, तो ‘उतरेल’ म्हणतो. प्रत्यक्षात पारा जागचा हलत नाही, कारण जितके रेणू फडके सोडतात तितकेच त्यावर परत येतात.