बाल्कनीत तुळस, गवती चहा, सिट्रोनेला लावून डास जातात का?

मंडळी, थोडं मोठं लिहितेय पण वाचा, कारण पावसाळ्यात नर्सरीवाले 'डास पळवणारं झाड' म्हणून कुंड्या विकतात आणि आपण विश्वासाने घेतो. आमच्या भांडुपच्या बाल्कनीत तुळस होतीच, गेल्या जूनमध्ये गवती चहाच्या दोन कुंड्या आणि एक सिट्रोनेला आणून ठेवलं, तरी सकाळी आठ-नऊला कपडे वाळत घालताना घोट्याला डास चावायचेच, आणि तेही काळे, पायांवर पांढरे पट्टे असलेले, म्हणजे डेंग्यूवाले एडिस, जे दिवसा चावतात.

झाडाचा दोष नाही हो. डासांना नकोसं असतं ते पानातलं तेल, आणि ते पानाच्या आत बंद असतं. गवती चहाचं पान नुसतं हुंगून बघा आणि मग चुरगाळून बघा, लगेच फरक कळेल. कुंडीत उभ्या झाडातून एवढा वास सुटतच नाही की डास लांब राहील. पानं चुरगाळून अंगाला चोळली तरी थोड्याच वेळात वास उडतो, आणि सिट्रोनेला तेलाचंही तेच, तासाभरात परत लावायला लागतं. तुळस पूजेला ठेवा, गवती चहा चहात घाला, पण डासांसाठी त्यांच्या भरवशावर राहू नका.

खरी गोष्ट मला कळली ती सासूबाईंमुळे. त्यांनी सिट्रोनेलाच्या कुंडीखालची बशी उचलून मला हाक मारली, मोबाईलचा टॉर्च मारला तर बोटभर पाण्यात बारीक अळ्या वळवळत होत्या, सावली पडली की खाली जायच्या आणि श्वास घ्यायला परत वर यायच्या. अशा साचलेल्या पाण्यात अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एकदा पाणी ओतायचंच. पण नुसतं ओतून भागत नाही, कारण एडिस अंडी पाण्याच्या जरा वर, भांड्याच्या कडेला चिकटवून ठेवते, ती सुकूनही महिनोन्‌महिने टिकतात आणि परत पाणी आलं की फुटतात. बशी काथ्याने घासायलाच हवी.

आम्ही अर्ध्या बशा काढूनच टाकल्या, उरलेल्यांत काठोकाठ वाळू भरली, मनी प्लांट बाटलीतून मातीत लावला, फ्रीजमागचा ट्रे दर शनिवारी धुतो. खिडक्यांना जाळी होतीच. बाल्कनीत बसताना टेबल फॅन पायांकडे लावतो, डास वाऱ्यात नीट उडू शकत नाही. सकाळी खाली खेळायला जाताना मुलांना डीटवालं क्रीम, पॅकवर वय बघून. दोन-तीन आठवड्यांनी चावणं खूप कमी झालं, पूर्ण थांबलं नाही, कारण आपण कितीही केलं तरी शेजारच्या बाल्कनीतून नि गच्चीवरून डास येतोच.

आमच्या गच्चीवर ताडपत्रीच्या खोळीत पाणी साचतंय. या शनिवारी सकाळी आठला मी आणि वॉचमनकाका वर जाणार आहोत, बिल्डिंगमधल्या कुणाला यायचं असेल तर खराटा घेऊन या.