सोनोग्राफी नॉर्मल, तरी पोट दुखतंय?

"सोनोग्राफी नॉर्मल आली की पोटदुखी गॅसची किंवा टेन्शनची समजावी."

हे काही पटलं नाही. दुखणं पोटाच्या भिंतीतच असेल, तर सोनोग्राफी बहुतेक वेळा नॉर्मलच येणार! माझी जाऊ इथे सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला आहे. बेंबीच्या उजवीकडे बोटाच्या टोकाएवढ्या जागी दुखायचं. खोकताना, अंथरुणातून उठताना जास्त. जेवणाशी, शौचाशी काही संबंध नाही, तरी ॲसिडिटीच्या गोळ्या चालूच. शेवटी एका सर्जननी तिला उताणं झोपवून त्या जागी बोट दाबून धरलं आणि हात छातीवर ठेवून डोकं-खांदे उचलायला सांगितलं. ती कळवळलीच. दुखणं आतल्या अवयवाचं असेल तर ताठरलेले स्नायू ढालीसारखे मध्ये येतात आणि दाबाचं दुखणं सहसा कमी होतं. वाढलं तर संशय भिंतीवर. तिथली कातडी चिमटीत धरली तरी तिला झोंबायचं. बरगड्यांखालून येणारी नस पोटाच्या उभ्या स्नायूच्या कडेला वळून कातडीकडे येते, तिथेच ती अडकते. भुलीचं इंजेक्शन नेमकं त्या जागी दिल्यावर थोड्याच वेळात दुखणं ओसरलं, म्हणजे निदानही पक्कं झालं. काहींना मात्र ते पुन्हा घ्यावं लागतं.

पण घरी दाबून बघून निकाल लावू नका. हर्नियातही असंच दुखतं, आणि अपेंडिक्सची सूज आतल्या आवरणापर्यंत गेली तरी ही तपासणी फसवू शकते. ताप, उलट्या, वजन उतरणं, शौचातून रक्त यातलं काहीही असेल तर आधी आतलंच शोधायचं.