कुलूप खरं, पण दुकान कोणाचं?

"स्टेशन, कॅफेचं फ्री वाय-फाय जोडलं की हॅकर २ मिनिटांत बँकेचा पासवर्ड वाचतो! वापरायचंच असेल तर इन्कॉग्निटो लावा आणि फक्त कुलूप दिसणाऱ्या साइट उघडा. कुलूप म्हणजे साइट खरी. सर्वांना पाठवा."

सोसायटीच्या ग्रुपवर हे तीनदा आलं तेव्हा मी सोडून दिलं. परवा सकाळी माझी आत्या नाशिकरोडला पंचवटीची वाट बघत बसली होती. लाइट बिल थकल्याचा एसएमएस आला, तिने लिंक उघडली, कार्डाचा नंबर टाकला आणि कार्ड उलटं करून मागचे ३ आकडे वाचत होती, तेवढ्यात योगायोगाने मी तिला फोन केला. "अरे, पण कुलूप आहे ना! तुमच्याच ग्रुपवर आलं होतं," ती म्हणाली. ते पान लाइट कंपनीचं नव्हतंच.

म्हणून आधी कुलपाचंच बोलतो. पत्त्याच्या सुरुवातीला https असेल तर ब्राउझर आणि त्या पत्त्यावरचा सर्व्हर यांच्यातला मजकूर वाटेत कोणाला वाचता येत नाही, बदलता येत नाही. कुलूप एवढंच सांगतं. पलीकडे बसलेला माणूस चांगला की चोर, हे ते सांगत नाही. कुलपासाठी लागणारं प्रमाणपत्र फुकट आणि काही मिनिटांत मिळतं. हा पत्ता खरंच तुझ्या ताब्यात आहे का, एवढंच तिथे तपासलं जातं, आणि चोराने तो पत्ता स्वतःच विकत घेतलेला असतो. २०२३ मध्ये गूगलने क्रोममधून कुलपाचं चिन्ह काढलं ते याचसाठी. जवळजवळ सगळ्या फसव्या साइटही एचटीटीपीएस वापरतात आणि लोक कुलपाचा अर्थ 'विश्वासू' असा लावतात, असं त्यांनी स्वतःच लिहिलं.

कुलूप सोडा, पत्ता वाचा. समजा लिंक अशी आहे:

```
https://maharashtra-vij.bhara-aata.example/pay
```

https:// नंतर पहिली तिरकी रेघ शोधायची आणि तिच्या लगेच डावीकडचे, टिंबाने जोडलेले दोन तुकडे बघायचे. इथे मालक आहे bhara-aata.example. त्याच्या आधीचं maharashtra-vij हे मालकाला हवं ते लिहिता येतं, तिथे कोणाचंही नाव टाकता येतं. शेवटी .co.in असेल तर आणखी एक तुकडा डावीकडे जायचं. आत्याच्या लिंकमध्ये हेच होतं, आणि माझा फोन आला नसता तर घरच्या वाय-फायवरही पैसे तसेच गेले असते.

आता '२ मिनिटांत पासवर्ड'. हे एकेकाळी बऱ्यापैकी खरं होतं, मान्य. २०१० मध्ये फायरशीप नावाचं ब्राउझरचं एक्स्टेंशन आलं होतं. कॅफेत शेजारी बसलेल्याचं फेसबुक त्याने एका क्लिकवर उघडता यायचं, कारण तेव्हा लॉगिननंतरचा बराचसा मजकूर उघडाच जायचा. आज बँका, मेल, फेसबुक सगळं एचटीटीपीएसवर आहे. कॉलेज रोडवरच्या कॅफेतल्या राउटरला तुम्ही कोणत्या बँकेची साइट उघडली ते बहुधा कळतं, पण पासवर्ड किंवा शिल्लक कळत नाही. अमेरिकेचा व्यापार आयोग, एफटीसी, हाही आता सार्वजनिक वाय-फाय साधारणपणे सुरक्षित असल्याचं सांगतो, कारण मजकूर वाटेत वाचता येणार नाही असा करून पाठवणं, म्हणजे एन्क्रिप्शन, आता सगळीकडे आलंय.

इन्कॉग्निटोने तुमच्या फोनवरची हिस्टरी राहत नाही. राउटरला त्याने काहीच फरक पडत नाही.

मग वाय-फायमध्ये धोका कुठे आहे? जोडल्यावर उघडणाऱ्या लॉगिनच्या पानात. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पोलिसांनी एका माणसावर गुन्हे दाखल केले. विमानतळावर आणि विमानात खऱ्या नेटवर्कच्या नावाचंच खोटं नेटवर्क तो उभं करायचा, असा आरोप होता. फोन जोडला की त्याचं पान उघडायचं आणि ईमेल किंवा सोशल मीडियाचा पासवर्ड मागायचं. त्याला एन्क्रिप्शन फोडावं लागलं नाही. लोकच पासवर्ड टाइप करून देत होते. नेटवर्कचं नाव कोणीही काहीही ठेवू शकतो, ते तपासणारं कोणी नसतं.

आपल्या स्टेशनवरचं रेलवायर मोबाइल नंबर आणि त्यावर आलेला ओटीपी मागतं. यापलीकडे कुठल्याही फुकट वाय-फायच्या पानाने जीमेलचा पासवर्ड, कार्ड किंवा यूपीआय पिन मागितला तर पान बंद करा, फोनमधून ते नेटवर्क 'फरगेट' करा आणि सिमचा डेटा वापरा. ओटीपीचा एसएमएसही पूर्ण वाचा: तो वाय-फायचा आहे की बँकेचा, हे त्यातच लिहिलेलं असतं.

आणखी एक खूण. बँकेची साइट उघडताना `Your connection is not private` असं पान आलं, तर वाटेत कोणीतरी मध्ये पडलेलं असू शकतं. कधी कधी वाय-फायचं लॉगिन अर्धवट राहिल्यानेही ते येतं. लॉगिन पूर्ण करून पुन्हा बघा. तरीही आलं तर `Advanced` वर जाऊन पुढे जायचं नाही, कारण एचटीटीपीएसचं सगळं संरक्षण तुम्ही तिथे स्वतःच्या हाताने बंद करता.

आत्याचं कार्ड आम्ही त्याच दुपारी ब्लॉक केलं.