गादी ओली करणारं मूल त्या वेळी झोपलेलं असतं

"एवढा मोठा झालास, लाज नाही वाटत?" या वाक्याची मला मनापासून चीड आहे. ज्या गोष्टीबद्दल बोलणी खावी लागतात, ती मुलानं जागेपणी केलेलीच नसते. पाचव्या वर्षी साधारण सातात एक मूल रात्री गादी ओली करतं, दहाव्या वर्षी विसात एक. आईला किंवा बाबांना लहानपणी हाच त्रास असेल, तर मुलाला होण्याची शक्यता बरीच वाढते. (ओरडणाऱ्यांनी आधी स्वतःच्या आईला विचारून यावं!) रात्री लघवी जास्त तयार होते किंवा मूत्राशयात कमी मावते, आणि ते भरलं तरी मुलाला जाग येत नाही. यात आळस कुठे आला?

माझ्या आठ वर्षांच्या भाच्याला डॉक्टरांनी अलार्म सुचवला. चड्डीला छोटा सेन्सर, खांद्याशी बझर. पहिले थेंब पडले की वाजतो. सुरुवातीला अख्खं घर जागं व्हायचं, तो सोडून. बरेच जण इथेच "उपयोग नाही" म्हणून अलार्म कपाटात टाकतात. पण सुरुवातीला हे असंच होतं, उठवायचं काम मोठ्यांचं. ताई त्याला पूर्ण जागं करायची, बझर त्यालाच बंद करायला लावायची, संडासात नेऊन उरलेली शू करवायची, मग कोरडी चड्डी आणि पुन्हा सेन्सर. पेंगत्या मुलाला नुसतं उचलून नेलं, तर मेंदू काहीच शिकत नाही.

तिनं वहीत दोनच गोष्टी लिहिल्या: बझर किती वाजता वाजला आणि डाग केवढा. महिनाभरात चादरभर डाग तळहाताएवढा झाला, रात्री अकराचा बझर पहाटे चारला वाजू लागला. कोरडी रात्र अजून एकही नव्हती, पण शिकणं सुरू झाल्याची खूण हीच. सलग 14 कोरड्या रात्री होईपर्यंत अलार्म लावायचा, त्याला दोन-तीन महिने लागू शकतात. सगळ्यांना गुण येत नाही, काहींचं पुन्हा सुरू होतं. तेव्हा परत लावायचा.

मध्येच एकदा भाऊजी वैतागून बरंच बोलले. त्या रात्री पठ्ठ्यानं गुपचूप सेन्सरच काढून ठेवला, सकाळी चादर पलंगाखाली. धाकानं मूल कोरडं होत नाही, लपवायला शिकतं. शिवाय बझर म्हणजेच शिक्षा वाटू लागली, की ही पद्धत संपली.

बक्षीस द्यायचंच तर कोरड्या रात्रीला नको, ती त्याच्या हातात नाही. उठून बझर बंद केला, चादर बदलायला मदत केली, त्याला द्या.

बद्धकोष्ठ असेल तर आधी ते बरं करा. भरलेलं आतडं मूत्राशयाला दाबतं. सहा महिने कोरडं राहिलेलं मूल अचानक पुन्हा ओलं करू लागलं, दिवसाही कपडे ओले होत असतील, लघवीला जळजळ असेल, तर डॉक्टरांना दाखवा. खूप तहान लागून वजन उतरत असेल तर त्याच दिवशी, कारण तो मधुमेह असू शकतो.

आणि घरातल्यांचा संयम संपलाच असेल, तर अलार्म सध्या बाजूला ठेवा. डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा, गोळीचा पर्याय असतो.