‘40 टक्क्यांचा डॉक्टर’ आणि निबंधातलं आरक्षण

‘आरक्षण दहाच वर्षांसाठी होतं. पणजोबांच्या चुकीची शिक्षा आजच्या पोराने का भोगायची? भरपाई द्यायचीच तर पैशाने द्या. 40 टक्केवाल्या डॉक्टरकडून तुम्ही आईचं ऑपरेशन करून घ्याल का?’
(निबंधाच्या पेपरसाठी ‘मुद्दे’ म्हणून नागपूरच्या अभ्यासिकांमध्ये फिरणारा मेसेज)

बर्डीपासून नंदनवनपर्यंतच्या अभ्यासिकांत बसणाऱ्या मुलामुलींचे सराव निबंध मी तपासतो. आरक्षणावर निबंध दिला की या चारपैकी एखादं वाक्य तरी जसंच्या तसं उतरलेलं सापडतं. विरोधी भूमिकेचा निबंध उत्तम असू शकतो आणि त्याला मी मोकळ्या हाताने गुण देतो. पण चुकीच्या माहितीवर रचलेला युक्तिवाद परीक्षकासमोर दोन ओळीही टिकत नाही.

दहा वर्षांच्या मुदतीचं उत्तर लवकर आटोपतं. ती मुदत अनुच्छेद 334 मध्ये आहे आणि लोकसभा-विधानसभेतल्या राखीव जागांची आहे. वेळोवेळी वाढत ती आता 2030 पर्यंत आली आहे. नोकऱ्यांमधलं आरक्षण अनुच्छेद 16(4) वर आणि प्रवेशांमधलं 15(4) वर उभं आहे. या दोन्हींना कोणतीही मुदत नाही. 15(4) तर मूळ राज्यघटनेत नव्हतंच. मद्रासमधल्या वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशांच्या चंपकम दोराईराजन खटल्यानंतर, 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीने ते आलं.

आता डॉक्टरच्या वाक्याकडे येऊ, कारण माणूस घाबरतो तो त्यानेच. मुळात 40 हा आकडा टक्क्यांचा नाही, पर्सेंटाइलचा आहे. ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत पात्र ठरायला खुल्या प्रवर्गाला 50 वं पर्सेंटाइल लागतं, अनुसूचित जाती-जमाती आणि ओबीसींना 40 वं. पर्सेंटाइल सांगतं की परीक्षेला बसलेल्यांपैकी किती टक्के जणांच्या तुम्ही पुढे आहात. पेपर किती सोडवला हे त्यातून कळत नाही. 2025 च्या नीटमध्ये खुल्या प्रवर्गाची पात्रता 720 पैकी 144 गुणांवर आली आणि राखीव प्रवर्गांची 113 वर. म्हणजे खुल्या प्रवर्गातला विद्यार्थीही 20 टक्के गुणांवर पात्र ठरला. ही नुसती पात्रता झाली. नागपूरच्या मेडिकल किंवा मेयोमध्ये प्रवेश मिळायला कोणत्याही प्रवर्गात याच्या कितीतरी वर असावं लागतं.

मग पात्रतेच्या काठावरच्या गुणांवर एमबीबीएसला बसतो कोण? खासगी महाविद्यालयांतल्या संस्थास्तरीय आणि एनआरआय जागांची फी ज्याला परवडते, तो बसू शकतो. गुणवत्तेची काळजी मनापासून असेल तर या जागांचा उल्लेख निबंधात यायला हवा. मी तपासलेल्या विरोधी निबंधांत तो क्वचितच येतो. त्या काळजीचा रोख एकाच दाराकडे का, असा प्रश्न परीक्षकाला पडणारच.

प्रवेशानंतर काय होतं तेही पाहा. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम, प्रत्येक टप्प्यावर विद्यापीठाची लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा, मग वर्षभर इंटर्नशिप. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा पेपर सगळ्यांना एकच असतो आणि उत्तीर्ण होण्याचा निकषही एकच. सवलत प्रवेशाच्या दारात मिळते, पदवीच्या दारात नाही. आईचं ऑपरेशन करणारा सर्जन त्यापुढे पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा देऊन आणखी तीन वर्षं शिकलेला असतो.

या मुद्द्याला खरी मर्यादाही आहे आणि ती निबंधात लिहायला घाबरू नका. डॉ. प्रीती श्रीवास्तव खटल्यात (1999) सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशात खुल्या गटाला किमान 45 टक्के आणि राखीव गटाला 20 टक्के, इतकी तफावत चालणार नाही. अतिविशेष शाखांच्या पातळीवर आरक्षण नको, असंही त्याच निकालात आहे. शिक्षणाची पायरी जितकी वरची, तितका गुणवत्तेचा आक्षेप वजनदार होतो. विरोधी निबंध इथून सुरू केला तर तो भक्कम होईल.

नोकऱ्यांबद्दल एक अभ्यास हाताशी ठेवा. अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकॉफ यांनी भारतीय रेल्वेची 1980 ते 2002 ची आकडेवारी तपासली. अनुसूचित जाती-जमातींच्या कर्मचाऱ्यांचं प्रमाण जास्त असल्याने उत्पादकता घटते, असा कोणताही पुरावा त्यांना सापडला नाही. रेल्वेवरून सगळ्या खात्यांचा निष्कर्ष काढता येणार नाही, पण ‘कार्यक्षमता बुडते’ हे गृहीत धरून चालता येत नाही एवढं त्यातून नक्की कळतं.

पणजोबांच्या प्रश्नात मात्र दम आहे. आरक्षणाची बाजू घेणारे ‘हजारो वर्षांचा अन्याय’ एवढंच लिहून मोकळे होतात आणि तिथेच अडकतात. भरपाई केवळ भूतकाळाची असेल, तर ज्याने काही केलं नाही त्याच्याकडून ती का घ्यायची, हे विचारणं रास्तच आहे. एक हिशेब मांडू. समजा दहा जागा आहेत, पाच खुल्या आणि पाच राखीव. गुणवत्ता यादीत तिसरा आलेला मुलगा अनुसूचित जातीचा असेल तर तो खुल्या जागेत मोजला जातो, कारण खुली जागा कोणत्याही जातीची राखीव नसते. सहावा आलेला मुलगा कोणत्याच राखीव गटात बसत नसेल, तर आरक्षण नसताना मिळाली असती ती जागा त्याला मिळत नाही. त्याचं नुकसान खरं आहे. ते नाकारणारा निबंध अप्रामाणिक वाटतो.

पण त्याला शिक्षा म्हणता येत नाही, कारण आरक्षण कोणाचा अपराध मोजत नाही. घटना आजचं मागासलेपण आणि आजचं अपुरं प्रतिनिधित्व पाहते. आणि अन्याय पणजोबांबरोबर संपला, हे गृहीतकही तपासून पाहिलं गेलं आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना समान पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावांचा ठेवला. दलित आडनावाच्या अर्जांना पुढच्या फेरीचं बोलावणं लक्षणीय कमी आलं. 2007 साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास एकविसाव्या शतकातल्या शहरी, शिकलेल्या भारतातला आहे. भरपाईचा युक्तिवाद या चालू अन्यायावर उभा केला की पणजोबांचा आक्षेप त्याला लागत नाही.

‘पैशाने द्या’ याचंही उत्तर इथेच आहे. शिष्यवृत्तीने एटापल्लीहून आलेल्या मुलीची फी आणि होस्टेलचा खर्च निघतो, आणि ती वेळेवर मिळायलाच हवी. पण आडनाव पाहून बाजूला टाकलेला अर्ज त्या पैशाने वर येत नाही, आणि निर्णय घेणाऱ्या खुर्चीत तिच्या समाजाचं कोणी बसत नाही.

पैशाच्या मुद्द्यातलं खरं तथ्य दुसरीकडे आहे: लाभ गटातल्या वरच्या थरातच फिरत राहतो का? 1992 च्या इंद्रा साहनी निकालाने 50 टक्क्यांची मर्यादा घालताना ओबीसींमधून क्रीमी लेयर वगळायला सांगितलं. तिची उत्पन्नमर्यादा 2017 पासून 8 लाख रुपये आहे. अनुसूचित जातींमध्ये राज्यांना उपवर्गीकरण करता येईल, असं सात न्यायमूर्तींच्या पीठाने 1 ऑगस्ट 2024 रोजी सहा विरुद्ध एक अशा बहुमताने ठरवलं. महाराष्ट्राच्या यादीत 59 अनुसूचित जाती आहेत आणि त्या सगळ्या सारख्या पुढे आलेल्या नाहीत. आपल्या विदर्भातही ते दिसतं. हा आक्षेप आरक्षण बंद करायला सांगत नाही, आतली वाटणी नीट करायला सांगतो. ती कोणत्या आकडेवारीवर करायची, यावर दोन्ही बाजूंच्या मुलांनी एक परिच्छेद जरूर लिहावा.