काकांच्या तोंडावरचे कवडसे

खानापूर तालुक्यातल्या एका गावात वास्तुशांत होती. फोटोचं काम आमच्याकडे. घर पूर्वाभिमुख, अंगणात जुना आंबा, आणि त्याच्याखाली अख्खं खानदान उभं केलेलं. पंचवीस माणसं, एक कुत्रं. मी नऊ फोटो काढले. नवाच्या नवांत घरमालक काका मान वळवून त्या कुत्र्याला हाकलत होते. कुत्रं मात्र प्रत्येक फोटोत कॅमेऱ्याकडे बघून व्यवस्थित बसलंय.

चार दिवसांनी काकू बेळगावला दुकानात आल्या. पिशवीतून काकांचा पासपोर्ट फोटो काढला, पेन्शनच्या कागदांसाठी आमच्याच दुकानात काढलेला. "ह्यातलं तोंड काढून त्यात घाल की. कंप्युटर हाय न्हवं तुझ्याकडं?"

मी "उद्या या" म्हणालो. एखादी गोष्ट सोपी आहे असं मला वाटलं की माझी वाचा आपोआप उद्याचा वायदा करते. त्या उद्याला पुढे आठवडा लागला.

चेहरा बसवायला वीस मिनिटं पुरली. मान जुळली, टोपीची कड जुळली. पण काका त्या घोळक्यात असे दिसत होते, की सगळे आंब्याखाली उभे आहेत आणि हे एकटे बँकेच्या काउंटरसमोर. पासपोर्ट फोटो आम्ही दोन बाजूंना दोन पांढऱ्या छत्र्या लावून काढतो, म्हणजे तोंडावर सावली पडत नाही. एरवी त्याच सपाट उजेडाचे आम्ही पैसे घेतो. इकडे काकांच्या दोन्ही बाजूंच्या भावांच्या कपाळावर, नाकावर, खांद्यावर उन्हाचे कवडसे पसरलेले, आणि मधे काका ट्यूबलाइटसारखे. त्यात त्यांच्या बुबुळांत आमच्या दोन्ही छत्र्या स्पष्ट चमकत होत्या. आंब्याच्या झाडावर छत्र्या लागत नाहीत. त्या आधी पुसल्या.

मग मी नवशिक्याची चूक केली. पंचवीस वर्षं धंद्यात असून केली, म्हणून जास्त लागते. कुठूनतरी पानांच्या आकाराचा ब्रश उतरवून घेतला आणि काकांच्या तोंडावर काळ्या रंगानं चार-पाच पानं उमटवली. आमचा पोऱ्या चहा घेऊन आला, स्क्रीनकडे बघून म्हणाला, "काकांना काय चावलं?"

काहीही चावलं नव्हतं. आंब्याखाली पानाच्या आकाराची सावली पडते हा माझा समजच चुकीचा होता. खाली जाऊन बघा. जमिनीवर पानं दिसत नाहीत, गोल दिसतात. पानांच्या फटी वाकड्या, तिकोनी, कशाही असोत, प्रत्येक फट सूर्याचं चित्र खाली पाडते आणि सूर्य गोल आहे. २६ डिसेंबर २०१९ च्या सूर्यग्रहणात सकाळी आमच्या गल्लीतल्या झाडाखाली शेकडो चंद्रकोरी पडल्या होत्या. मी त्यांचे फोटोसुद्धा काढले होते, आणि तरी पानांचा ब्रश लावला.

मग वही काढली. आमच्याकडे उधारीची वही असते, तिच्याच मागच्या पानावर हिशेब केला. आकाशात सूर्याची रुंदी अर्ध्या अंशाहून किंचित जास्त आहे. त्यामुळे बारीक फटीतून आलेला कवडसा साधारण फटीपासूनच्या अंतराच्या एकशेआठाव्या हिश्शाएवढा होतो. एकशेआठ म्हणजे जपमाळेचे मणी, लक्षात ठेवायला सोपं. काकांच्या डोक्यापासून पानं तिरक्या वाटेनं साडेचार मीटरवर असतील. साडेचारशे सेंटीमीटर भागिले १०८, म्हणजे चार सेंटीमीटर आणि थोडं वर. माणसाचा चेहरा या कानापासून त्या कानापर्यंत अंदाजे पंधरा सेंटीमीटर, आणि फोटोत काकांचा चेहरा ३०० पिक्सेल रुंद होता. म्हणजे एका सेंटीमीटरला २० पिक्सेल आणि एक कवडसा ८० पिक्सेलचा. मी कोरलेली पानं होती दहा-दहा पिक्सेलची, कडा वस्तऱ्यासारख्या. खरं तर त्या अख्ख्या चेहऱ्यावर चार-पाचच कवडसे मावत होते, आणि तेही कडेला विरत गेलेले. फट मोठी असली तर कवडसा आणखी मोठा, पण विरण्याचा पट्टा तेवढाच, चार सेंटीमीटरचा.

त्या विरण्याला उपच्छाया म्हणतात. तिथे ऊनही पूर्ण नाही आणि सावलीही पूर्ण नाही. आम्हा बेळगावकडच्यांना हे समजावून सांगायला नको. मराठी कुठल्या दुकानापाशी संपते आणि कन्नड कुठे सुरू होते, ती रेघ मला अजून कुणी बोट ठेवून दाखवलेली नाही.

आता रंग. सावली म्हणजे काळा रंग, ही दुसरी चूक. सावलीतही उजेड असतो, तो आकाशाचा, निळसर. शेजारी काकांचे धाकटे भाऊ होते, त्यांच्या गालावरचं ऊन आणि गालावरचीच सावली मोजली. आधी मी काकांच्याच पांढऱ्या सदऱ्यावर मोजायला गेलो होतो, पण सदरा उन्हात इतका जळला होता की लाल, हिरवा, निळा तिन्ही आकडे वरच्या टोकाला, २५५ वर, म्हणजे मोजायला काही उरलंच नव्हतं. गालावर आकडे सापडले. उन्हात लाल २२६, हिरवा १७८, निळा १४६. सावलीत १०४, ८८, ८४. लाल निम्म्याहून खाली आला, निळा तेवढा उतरला नाही. सावलीला उन्हानं भागून २५५ नं गुणलं की ११७, १२६, १४७ येतात. एक मळकट निळा. हा रंग चेहऱ्यावर Multiply म्हणजे गुणाकाराच्या पद्धतीनं पसरला की ऊन सावलीत उतरतं. काका भावापेक्षा सावळे आहेत, पण त्यानं बिघडत नाही. भावाच्या गालाचा रंग आपण घेतच नाही, फक्त उन्हाचं आणि सावलीचं प्रमाण घेतो.

मग क्रम उलटा केला, आणि गाडी रुळावर आली. काकांचा चेहरा आधी भर उन्हातला वाटेल इतका उजळ केला. त्यावर तो निळसर थर अख्खा पसरला, म्हणजे काका पूर्ण सावलीत गेले. त्या थराच्या मास्कवर मऊ कडेच्या ८० पिक्सेलच्या गोल ब्रशनं काळा रंग टेकवत गेलो. जिथे टेकवला तिथे सावली हटली आणि खालचं ऊन वर आलं. सावली रंगवायची नसते, ऊन उघडायचं असतं. एक कवडसा पूर्ण उघडा, दुसरा साठ टक्के, तिसरा तीस. सगळे सारखे ठेवले की ठिपक्यांची रांगोळी दिसते.

तरीही काका मला पटेनात. तोंडावर गोल नाणी चिकटवल्यासारखं दिसत होतं. पोऱ्यानं "शिबं उठलीत" असं निदान केलं. ते चूक होतं असं मी म्हणणार नाही.

गोची होती सूर्याच्या उंचीत. फोटो मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातला, सकाळी अकराचा. त्या आठवड्यात बेळगावात दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो, खांबाची सावली खांबाच्या बुडात जाते. अकराला तो पूर्वेला, जमिनीपासून अडुसष्ट अंशांवर. एवढ्या उंचावरून आलेला उजेड उभ्या गालावर घसरत जातो. नाकाच्या शेंड्याच्या वरच्या बाजूला कवडसा जवळजवळ गोल राहतो, पण सरळ गालावर तोच अडीच पटींहून जास्त लांब ओघळतो आणि तितकाच फिका होतो. भुवईच्या खाली, नाकाच्या खाली आणि हनुवटीखाली तर पडूच शकत नाही. मी नेमका एक डोळ्याच्या खोबणीत टाकला होता. पुन्हा भावाचं तोंड बघितलं. तिथे सगळं लिहून ठेवलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं. गालावरचे कवडसे उभे ओढले, डोळ्यातला पुसला. काकांच्या गांधीटोपीवर एक कवडसा कडेपाशी अर्धा तुटला होता, त्याचा उरलेला अर्धा कपाळावर उतरवला. त्या एका अर्ध्या कवडशानं चेहरा फोटोत शिरला. तोवर तो फोटोवर होता.

काकांचा नातूही बदलायचा होता, कारण त्यानं जीभ काढली होती. त्याच्या डोक्यावर क्रिकेटची टोपी, पुढे चोच आलेली. मी धास्तावलो होतो, पण पोरगं स्वस्तात सुटलं. चोच पाचेक सेंटीमीटर पुढे असली तर अडुसष्ट अंशांच्या उन्हात तिची सावली बारा सेंटीमीटर खाली येते, म्हणजे थेट हनुवटीपर्यंत. तोंडावर एकही कवडसा नाही, एकसारखी सावली, शिवाय खालून अंगणातल्या तांबड्या मातीचा किंचित लालसर उजेड. फक्त हनुवटीवर एक कवडसा होता आणि तो मजेशीर होता. त्याची खालची कड पानांची, ८० पिक्सेलांत विरलेली. वरची कड टोपीची. चोच हनुवटीपासून तेरा-चौदा सेंटीमीटरवर, भागिले १०८, म्हणजे सव्वा मिलिमीटर, अडीच पिक्सेल. एकाच सूर्याचा एकच ठिपका, खाली कापसासारखा आणि वर सुरीनं कापलेला. तिथे दोन ब्रश लागले. दोन्ही कडा मऊ केल्या असत्या तर टोपी झाडावर टांगलेली वाटली असती.

आठव्या दिवशी फोटो तयार झाला. मी तो पोऱ्याला दाखवून "यात बदललेले दोघे कोण ते सांग" म्हटलं. त्यानं धाकट्या भावाकडे बोट दाखवलं. मला इतका आनंद झाला की त्याला कुंदा आणायला पैसे दिले.

काका-काकू आले. काकूंनी चष्मा लावला, फोटो दिव्याखाली धरला.

"तोंड छलो आलंय," त्या म्हणाल्या. "पर हे डाग कसले?"

"डाग नव्हेत काकू, ऊन आहे. आंब्यातून पडलेलं."

"पासपोर्टात न्हवते की."

"पासपोर्टात नव्हते. मी घातले."

काकांनी फोटो हातात घेतला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग माझ्याकडे बघून, कुत्र्याला हाकलतात त्याच आवाजात म्हणाले, "एवढे आठ दिवस ह्येच करालास?"

मी भावाचा गाल दाखवला, टोपीवरचा अर्धा कवडसा दाखवला, नातवाची हनुवटी दाखवली. उधारीच्या वहीचं मागचं पानही दाखवलं. काकांनी पान उलटून पुढची उधारी वाचून घेतली.

"बरं असू दे," काकू समजुतीनं म्हणाल्या. "ह्यांच्या तोंडावरचे पुसून टाक. आणि असं कर, बाकीच्यांच्या पण तोंडावर हायत बघ. धाकट्या भाऊजींच्या तर लईच. सगळ्यांचेच काढ."

"सगळ्यांचे?"

"पंचवीसच तर माणसं हायत," काका म्हणाले. "उद्या येऊ काय?"