मिनॉक्सिडिलमुळे येणारी खाज सहन करायची नसते

"मिनॉक्सिडिल लावल्यावर डोकं खाजलं, पापुद्रे निघाले तर समजायचं की औषध लागू पडतंय. थांबू नका. फोम म्हणजे तेच औषध महागड्या डब्यात. आणि 1 मिलीने फरक दिसत नसेल तर 2 मिली लावा, चांगलं चोळून जिरवा."

केस वाढावेत म्हणून डोक्याला लावायच्या मिनॉक्सिडिल या औषधाबद्दल असा सल्ला ऐकायला मिळतो. सुरुवातीच्या काही आठवड्यांत केस जास्त गळतात, ते औषधाच्या परिणामामुळेच. विश्रांतीच्या अवस्थेतले केस पडून नव्यांना जागा होते. खाजेचं कारण मात्र वेगळं आहे. मिनॉक्सिडिल पाण्यात फारसं विरघळत नाही, म्हणून ते अल्कोहोल आणि प्रोपिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवतात. नेहमीच्या 5 टक्के सोल्यूशनमध्ये जवळपास निम्मं प्रोपिलीन ग्लायकॉलच असतं. अल्कोहोल लवकर उडून जातं, हे मागे राहतं. सकाळ-संध्याकाळ 1 मिली लावलं तर दिवसाला साधारण 1 मिली प्रोपिलीन ग्लायकॉल डोक्यावर बसतं. केस चिकट दिसतात ते यामुळे, आणि बऱ्याच जणांची आगही यामुळेच होते. 2 टक्के सोल्यूशनमध्ये त्याचं प्रमाण बरंच कमी असतं, म्हणून ते अनेकांना सोसतं.

आता पापुद्र्यांचं. सगळे पापुद्रे सारखे नसतात. बारीक पांढरी पूड असेल, विंचरल्यावर झडत असेल, धुतल्यावर जात असेल आणि खाली त्वचा लाल नसेल, तर ते बहुतेक वाळून उरलेलं औषध असतं. लावल्यावर थोड्याच वेळात चुरचुर, लाली आणि त्वचा ताणल्यासारखी वाटणं, तेही फक्त लावलेल्या भागात, ही जळजळ. खाज दिवसागणिक वाढत जाऊन कपाळ, कानामागे किंवा पापण्यांपर्यंत पोचली, सूज किंवा पुरळ आलं, तर ती ॲलर्जी असण्याची शक्यता जास्त. पिवळसर, तेलकट खपल्या भुवयांत आणि नाकाच्या बाजूलाही असतील तर तो सेबोऱ्हिक डर्माटायटिस; त्यावर किटोकोनाझोल शाम्पूसारखे उपचार वेगळे करावे लागतात.

चिडलेल्या त्वचेवर औषध रेटत राहणं धोक्याचं आहे. खरवडलेल्या, सुजलेल्या त्वचेतून मिनॉक्सिडिल रक्तात जास्त शिरतं. हे मुळात रक्तदाबाचं औषध. छातीत धडधड, चक्कर, पायांवर सूज आली तर लगेच बंद करून डॉक्टरांना गाठायचं.

फोमबद्दलचं म्हणणंही अर्धवट आहे. औषध तेच, पण ते ज्यात मिसळलेलं असतं ते वेगळं. अमेरिकेत 2006 साली मंजूर झालेल्या 5 टक्के फोममध्ये प्रोपिलीन ग्लायकॉल नाही. आपल्याकडे मात्र डब्यावर फोम लिहिलंय म्हणून गृहीत धरू नका, घटकांची यादी वाचा.

समजा, एकाला सोल्यूशनने कपाळाच्या कडेला लाली आणि खाज येते. त्याने आधी पूर्ण थांबावं, त्वचा निवू द्यावी, मग प्रोपिलीन ग्लायकॉल नसलेला फोम सुरू करावा. त्रास परत आला नाही तर दोषी बहुधा प्रोपिलीन ग्लायकॉल. परत आला तर ॲलर्जी खुद्द मिनॉक्सिडिलची किंवा फोममधल्या दुसऱ्या एखाद्या घटकाची असू शकते, आणि ते त्वचारोगतज्ज्ञाच्या पॅच टेस्टनेच कळतं. मिनॉक्सिडिलचीच ॲलर्जी निघाली तर डबा बदलून काही होत नाही.

तरीही सगळ्यांनी फोमच घ्यावा असं मी म्हणणार नाही. लांब किंवा दाट केसांत फोम केसांनाच चिकटतो, त्वचेपर्यंत कमी पोचतो. त्रास होत नसेल तर अशांना ड्रॉपर बरा.

राहिलं लावणं. 5 टक्के सोल्यूशनच्या 1 मिलीत 50 मिलिग्रॅम औषध असतं. 2 मिली लावल्याने केस दुप्पट येत नाहीत, चिकटपणा आणि त्रास मात्र वाढतो. डोकं कोरडं हवं. विरळ भागात तीन-चार भांग पाडा, प्रत्येक भांगात ड्रॉपरने थोडे थोडे थेंब थेट त्वचेवर सोडा आणि बोटाच्या टोकाने हलकेच पसरा. तळव्याने चोळलं की अर्धं औषध केसांना आणि हाताला लागतं. फोम अंगाच्या उष्णतेने विरघळतो, म्हणून आधी बोटं थंड पाण्यात धुऊन पुसा, अर्धं झाकण फोम घ्या आणि भांगाभांगात लावा.

डोक्याला तेल लावून त्यावर मिनॉक्सिडिल लावू नका. तेल लावायचंच असेल तर न्हाण्याआधी. औषध लावल्यावर निदान चार तास डोकं धुऊ नका, आणि रात्रीचं औषध झोपण्याच्या दोन-तीन तास आधी लावा. ओलं डोकं उशीवर टेकलं तर औषध चेहऱ्याला लागतं आणि नको तिथे लव वाढते. घरात मांजर असेल तर हात धुणं आणि उशीची खोळ बदलणं चुकवू नका. थोडंसं मिनॉक्सिडिल चाटलं तरी मांजराच्या जिवावर बेततं.